डेट-इक्विटी आणि इंटरेस्ट कव्हरेज: साखर कंपनीचा ताळेबंद वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सातारा पट्ट्यातून कंपन्यांच्या कर्जाबद्दल जे प्रश्न येतात, त्यातले निम्म्याहून जास्त फिरून साखरेवरच येतात. ऊस घालणारेही तेच आणि शेअर घेणारेही तेच, त्यामुळे नवल नाही. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: वाळवा भागातली, बाजारात नोंदलेली एक साखर कंपनी. कंपनी आणि तिचे आकडे काल्पनिक आहेत. मात्र रोज दहा हजार टन गाळणाऱ्या, हंगामात साधारण पंधरा लाख टन ऊस घेणाऱ्या कारखान्याला शोभतील असेच ते घेतले आहेत.

1. डेट-इक्विटी म्हणजे नेमकं काय भागिले काय?

कंपनीनं घेतलेलं एकूण कर्ज भागिले भागधारकांचा स्वतःचा पैसा. स्वतःचा पैसा म्हणजे भागभांडवल अधिक साठलेली गंगाजळी.

आपल्या कंपनीचं भागभांडवल 40 कोटी आणि गंगाजळी 160 कोटी, म्हणजे स्वतःचे 200 कोटी. 31 मार्चला दीर्घ मुदतीचं कर्ज 150 कोटी, येत्या वर्षात फेडायचे हप्ते 30 कोटी आणि साखर तारणावर उचललेले 320 कोटी. एकूण कर्ज 500 कोटी. 500 भागिले 200 म्हणजे 2.5. मालकांच्या एका रुपयावर बाहेरचे अडीच रुपये कामाला लावलेत, एवढाच त्याचा अर्थ.

हप्त्यांचे 30 कोटी बरेच जण विसरतात, कारण ते ताळेबंदात दीर्घ मुदतीच्या कर्जाखाली दिसत नाहीत, चालू देण्यांमधल्या कर्जांत दिसतात.

2. आणि इंटरेस्ट कव्हरेज?

वर्षाचं व्याज भरण्याआधी जो नफा हातात होता, तो व्याजाच्या किती पट होता, हे त्यातून कळतं. करपूर्व नफ्यात व्याजखर्च परत मिळवायचा आणि आलेल्या बेरजेला व्याजखर्चानं भागायचं.

आपल्या कंपनीची विक्री 720 कोटी, करपूर्व नफा 24 कोटी, व्याजखर्च 36 कोटी. 24 अधिक 36 म्हणजे 60, भागिले 36 म्हणजे 1.67. काही जण घसाराही परत मिळवतात. इथे घसारा 22 कोटी आहे, तो धरला तर 82 भागिले 36 म्हणजे 2.28. दोन्ही पद्धती चालतात, फक्त दोन कंपन्यांची तुलना करताना एकीला एक आणि दुसरीला दुसरी पद्धत लावू नका. मी पहिली पसंत करतो. साखर कारखान्यातले बॉयलर, मिलचे रोलर खरोखर झिजतात आणि ते बदलायला खरे पैसे लागतात.

3. अहवालात हे आकडे तयार मिळतात का, की आपणच काढायचे?

डेट-इक्विटी तयार मिळतं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 3 मध्ये 2021 साली झालेल्या बदलानंतर कंपन्यांना ठरावीक गुणोत्तरं टिपांमध्ये द्यावी लागतात आणि एखादं आधीच्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त हललं तर त्याचं कारणही लिहावं लागतं. ते कारण जरूर वाचा. "कर्ज वाढल्यामुळे गुणोत्तर वाढले" एवढंच लिहिलं असेल तर तेही काही सांगून जातं.

इंटरेस्ट कव्हरेज मात्र त्या यादीत नाही. ज्यांचे कर्जरोखे बाजारात नोंदलेले असतात त्यांना ते जाहीर करावं लागतं. बाकी कंपन्यांचं आपणच काढायचं.

4. मार्चअखेर डेट-इक्विटी 2.5 आहे. ही कंपनी बुडणार का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

साखर कारखाना ऊस विकत घेतो चार-पाच महिन्यांत आणि साखर विकतो बारा महिने. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात बॉयलर पेटतो आणि मार्चच्या आसपास पट्टा पडतो. या काळात शेतकऱ्याला, तोडणी-वाहतूकवाल्याला रोज पैसे द्यावे लागतात, पण साखर गोदामात थप्प्या लावून पडलेली असते. जून 2018 पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला दर महिन्याचा विक्रीचा कोटा ठरवून देतं, त्यामुळे एकदम विकून मोकळं होता येत नाही. मग पोतं बँकेकडं तारण ठेवायचं आणि बँक क्विंटलमागं जेवढी उचल देईल तेवढी घ्यायची. पोती विकली जातील तसं खातं कमी होत जातं.

आता 31 मार्च या तारखेकडे पाहा. गोदाम सगळ्यात भरलेलं आणि तारण कर्जही सगळ्यात फुगलेलं, अशा दिवशी ताळेबंद निघतो. आपल्या कंपनीनं वर्षाची पावणेदोन लाख टनांच्या आतबाहेर साखर केली आणि 31 मार्चला त्यातली एक लाख टनांवर शिल्लक होती. 3,600 रुपये क्विंटलनं तिची किंमत 376 कोटी होते. बँकेनं 85 टक्के उचल दिली म्हणजे 320 कोटी. म्हणजे तारणाच्या प्रत्येक रुपयामागे गोदामात पोतं उभं आहे.

नोंदलेल्या कंपन्या सप्टेंबरअखेरच्या निकालांसोबत मालमत्ता आणि देण्यांचं पत्रकही देतात. आपल्या कंपनीत 30 सप्टेंबरला तारण कर्ज 75 कोटींवर आलं, दीर्घ मुदतीचं हप्त्यांसह 165 कोटी राहिलं. एकूण 240 कोटी. मधल्या काळात नफा नगण्य धरला तर डेट-इक्विटी 1.2. कंपनी तीच, मालक तेच, सहा महिन्यांत आकडा निम्म्याहून खाली.

साखरेत म्हणूनच मार्च आणि सप्टेंबर दोन्ही पाहायचे. त्यातही सप्टेंबरचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. गोदाम रिकामं झाल्यावरही जे कर्ज उरतं, ते साखर विकून फिटणारं नसतं, नफ्यातूनच फेडावं लागतं. सप्टेंबरातही तारण कर्ज मार्चच्या जवळपासच असेल तर दोनच शक्यता: साखर विकली गेली नाही, किंवा विकली गेली आणि पैसा दुसरीकडं गेला. साठ्याचा आकडा शेजारीच असतो, तो पाहिला की कुठली ते लगेच कळतं.

5. वर्षभर सरासरी किती कर्ज होतं हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

व्याजावरून. आपल्या कंपनीचे 36 कोटी व्याज मार्चच्या 500 कोटींनी भागलं तर 7.2 टक्के येतं. अशा कारखान्याला इतक्या स्वस्तात कोण देणार? म्हणजे 500 कोटी वर्षभर नव्हते. मार्च आणि सप्टेंबरची सरासरी 370 कोटी घेतली तर 9.7 टक्के येतं, जे पटण्यासारखं आहे.

उलटही घडतं. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या सुटे भाग करणाऱ्या कंपनीचं व्याज वर्षअखेरच्या कर्जानं भागल्यावर 16 टक्के आलं, तर समजा की वर्षभर कर्ज जास्त होतं आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते कमी करून दाखवलं. बहुतेक वेळा पुरवठादारांची बिलं एप्रिलवर ढकलून सीसी खातं भरलेलं असतं. अशा वेळी पुरवठादारांची देणी फुगलेली दिसतात का, तेवढं पाहा.

6. दोन्हीपैकी एकच पाहायचं झालं तर कुठलं?

साखरेपुरतं विचाराल तर इंटरेस्ट कव्हरेज. डेट-इक्विटी एका दिवसाचं असतं आणि तो दिवस इथे फसवा आहे (प्रश्न 4). व्याज आणि नफा दोन्ही पूर्ण वर्षाचे असतात.

पण कव्हरेज पूर्ण वर्षाचंच काढा. जुलै-सप्टेंबर तिमाहीत गाळप नसतं, तिचं कव्हरेज एकच्या खाली आलं म्हणून घाबरू नका. जानेवारी-मार्चचं चारवर गेलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. सलग चार तिमाह्या एकत्र धरा.

7. कव्हरेज 1.67 म्हणजे चांगलं की वाईट?

"तीनच्या वर चांगलं, दीडच्या खाली धोका" असे ठोकताळे फिरत असतात. ते औषध कंपनीला आणि साखर कंपनीला एकाच पट्टीनं मोजतात, म्हणून त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याऐवजी असं विचारा: साखरेचा भाव किलोमागं किती उतरला तर कव्हरेज एकवर येईल?

आपल्या कंपनीची साखर वर्षाला 1.725 लाख टन, म्हणजे 17.25 कोटी किलो. भाव एक रुपयानं उतरला की 17.25 कोटी थेट नफ्यातून जातात, कारण उसाची किंमत एफआरपीनं बांधलेली असते, ती भावाबरोबर खाली येत नाही. 60 चे 42.75 झाले, कव्हरेज 1.19. एक रुपया चाळीस पैसे उतरला की 24 कोटी गेले आणि कव्हरेज एकवर आलं. व्याज भरलं की हातात शून्य.

घाऊक बाजारात साखर एका हंगामात दीड-दोन रुपये हलणं ही काही अपूर्वाई नाही. म्हणून 1.67 ऐकायला बरं असलं तरी या धंद्यात ते पातळ आहे. कंपनीची बरीचशी विक्री इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीतून येत असेल तर तेच 1.67 जरा जाड समजायला हरकत नाही, कारण त्यांचे दर साखरेसारखे रोज हलत नाहीत. त्यालाही अपवाद आहे, तो प्रश्न 11 मध्ये.

8. व्याज दीडपट भागतंय, तरी कारखाना हप्ता थकवतो. असं कसं?

इंटरेस्ट कव्हरेजमध्ये मुद्दल येतच नाही. आपल्या कंपनीला वर्षाला 30 कोटी मुद्दलही फेडायचं आहे. व्याज आणि मुद्दल मिळून 66 कोटी. घसाऱ्याआधीचे 82 कोटी, त्यातून साधारण 6 कोटी कर गेला की 76 उरतात. 76 भागिले 66 म्हणजे 1.15. बँका कर्ज देताना हाच हिशेब बघतात आणि प्रश्न 3 मधल्या सक्तीच्या यादीत तोही आहे, डेट सर्व्हिस कव्हरेज या नावानं. 82 कोटींतले काही पैसे वाढलेल्या साठ्यात अडकले, तर कागदावर 1.15 आणि बँकेत हप्ता थकलेला, असंही होतं.

9. एफआरपी थकलेली असेल तर ती कर्जात धरायची का?

धरायची. निदान मुदत उलटून गेलेला भाग तरी नक्की. इथला सगळ्यात मोठा चकवा हाच आहे.

ऊस नियंत्रण आदेश 1966 नुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज लागतं. पण ताळेबंदात थकलेलं ऊसबिल "व्यापारी देणी" या ओळीत जातं, कर्जात जात नाही. त्यामुळे शेतकऱ्याचे पैसे अडकवून बँकेचं कर्ज कमी ठेवणाऱ्या कारखान्याचं डेट-इक्विटी वेळेवर पैसे देणाऱ्या कारखान्यापेक्षा छान दिसतं!

आपल्या कंपनीचं गाळप 31 मार्चला चालू होतं आणि उसाची देणी 90 कोटी होती असं धरू. रोजचे दहा हजार टन, टनाला साधारण 3,000 रुपये, म्हणजे दिवसाचे तीन कोटी. चौदा दिवसांचे 42 कोटी नियमात बसतात. उरलेले 48 कोटी थकबाकी, म्हणजे शेतकऱ्यांकडून बिनकागदाचं घेतलेलं कर्ज. ते मिळवलं की 548 भागिले 200, म्हणजे 2.5 चं 2.74 होतं.

ही थकबाकी तीन महिने राहिली तर 15 टक्क्यांनी 1.8 कोटी व्याज होतं. कारखान्यानं ते हिशेबात धरलेलं आहे की नाही, टिपांमध्ये पाहा. धरलेलं नसेल तर आपण धरायचं: 60 भागिले 37.8, कव्हरेज 1.59. पट्टा आधीच पडला असेल तर हिशेब आणखी सोपा. गाळप संपून पंधरवडा उलटल्यावर जे ऊसबिल शिल्लक दिसतं ते सगळंच थकलेलं.

साखर आयुक्तालय हंगामात वेळोवेळी एफआरपी थकबाकीची माहिती जाहीर करतं. ताळेबंदाशी ती ताडून पाहायला विसरू नका.

10. वडील सहकारी कारखान्याचे सभासद आहेत. त्यांच्या अहवालाला हे लागू होतं का?

डेट-इक्विटी लागू होतं, कव्हरेज जपून. सहकारी कारखान्यात शिल्लक राहणारा पैसा नफा म्हणून दाखवण्यापेक्षा जादा ऊसदरातून सभासदांना देण्याकडं कल असतो. त्यामुळे चांगल्या चाललेल्या कारखान्याचंही कव्हरेज 1.05 वगैरे दिसतं. तिथं कव्हरेजऐवजी एफआरपी वेळेत दिली का, तिच्यावर काही दिलं का आणि हप्ते भरले का, हे पाहा. एफआरपीवर टनाला शंभर-दीडशे रुपये देऊनही व्याज भागलं असेल, तर ते शंभर-दीडशे ही राखीव ताकदच आहे. अडचणीच्या वर्षी तेच आधी थांबतात.

ठेवींबद्दल नेहमी विचारणा होते. ऊसबिलातून कपात केलेल्या परतीच्या ठेवी हे कर्ज आहे, त्यांच्यावर व्याजही असतं. बिनपरतीच्या ठेवी मी स्वनिधीत धरतो. काही कारखाने दोन्हींची एकच ओळ दाखवतात. तसं असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत विचारा, सभासदाचा तो हक्क आहे.

11. कंपनीनं डिस्टिलरीसाठी कर्ज काढलं, पण व्याज वाढलेलं दिसत नाही. कुठं गेलं?

प्रकल्प बांधून होईपर्यंत त्याच्या कर्जावरचं व्याज खर्चात न दाखवता प्रकल्पाच्या किमतीत मिळवलं जातं. हिशेबाच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे, लपवाछपवी नाही. पण कव्हरेज मात्र फुगतं. असे 5 कोटी मिळवलेले असतील तर खरं व्याज 41 कोटी, आणि 60 भागिले 41 म्हणजे 1.46. प्रश्न 7 मधला रुपया-चाळीस पैसेही मग एक रुपया दहा पैशांवर येतो. हा आकडा व्याजखर्चाच्या किंवा मालमत्तेच्या टिपेत मिळतो.

आसवनी सुरू झाली की व्याज एकदम खर्चात येतं. उत्पन्न मात्र सरकारच्या धोरणावर अवलंबून असतं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि आठवडाभरानं मर्यादित सूट दिली. त्याच सुमाराला ज्यांची नवी आसवनी उभी राहिली होती, त्यांच्या व्याजाचं मीटर चालू झालं होतं आणि रस आत सोडता येत नव्हता.

उलट बाजूही आहे. 2018 च्या योजनेत अशा कर्जांवर 6 टक्के किंवा बँकेच्या दराच्या निम्मं, यातलं जे कमी असेल तेवढं व्याज पाच वर्षं केंद्र भरणार होतं. कंपनी हे अनुदान वजा करून व्याज दाखवत असेल तर पाच वर्षं संपल्यावर व्याज वाढणार, हे आताच लक्षात घ्या.

12. एका वर्षात कर्ज तेवढंच राहिलं, नफाही तेवढाच, तरी डेट-इक्विटी सुधारलं. हे कसं?

जमिनीचं पुनर्मूल्यांकन झालंय का पाहा. कारखान्याची शंभर एकर जमीन जुन्या भावानं खात्यात असते. ती आजच्या भावानं लिहिली की गंगाजळी वाढते, एक पैसाही आलेला नसताना. आपल्या कंपनीच्या 160 कोटी गंगाजळीत 60 कोटी असे असते तर खरा पैसा 140 कोटी आणि गुणोत्तर 3.57. कव्हरेजला याचा स्पर्श होत नाही. डेट-इक्विटी सुधारलं आणि कव्हरेज तिथंच राहिलं, की संशय घ्यायला जागा आहे.

13. स्वनिधी उणे असेल तर?

साठलेला तोटा भांडवलापेक्षा मोठा झाला की डेट-इक्विटी उणे येतं. काही संकेतस्थळं तिथं शून्य दाखवतात आणि "कर्जमुक्त" कंपन्या शोधणाऱ्यांच्या यादीत असा कारखाना जाऊन बसतो. अशा कंपनीसाठी हे गुणोत्तर सोडून द्या. प्रश्न 8 मधला हिशेब करा.

14. ताळेबंदात कुठंच नसलेलं कर्ज असू शकतं का?

असतं. आपल्या भागात त्याचं रूप ठरलेलं आहे: तोडणी-वाहतूकदारांच्या कर्जाला कारखान्यानं दिलेली हमी.

हंगामाआधी ट्रॅक्टर-ट्रकवाला बँकेकडून त्याच्या नावावर कर्ज घेतो, कारखाना हमी राहतो. तो पैसा उचल म्हणून मुकादमाला जातो. टोळी आली, ऊस तुटला, की वाहतूक बिलातून कर्ज फिटतं. टोळी आलीच नाही तर वाहतूकदार अडकतो आणि त्याच्यामागं हमीदार म्हणून कारखाना. मुकादमानं उचल घेऊन टोळी न पाठवल्याच्या तक्रारी आपल्याकडं दर हंगामात पोलीस ठाण्यापर्यंत जातात, हे वेगळं सांगायला नको.

ही रक्कम कर्जात नसते, "संभाव्य देणी" या टिपेत असते. सगळीच्या सगळी कर्जात मिळवणं अन्यायाचं होईल, कारण बहुतेक वाहतूकदार फेडतात. मी दोन गोष्टी पाहतो. हमीची रक्कम गाळपापेक्षा वेगानं वाढते आहे का, आणि "तोडणी-वाहतूकदारांना दिलेली आगाऊ रक्कम" ही ओळ वर्षानुवर्षं फुगत चालली आहे का. दुसरी फुगत असेल तर जुनी उचल वसूल न करता पुढं ओढली जाते आहे आणि ती कधीतरी नफ्यातून खोडावी लागेल. आपल्या कंपनीत असे 20 कोटी एका वर्षात खोडावे लागले, तर 60 चे 40 होतात आणि त्या वर्षीचं कव्हरेज 1.11 वर येतं, साखरेचा भाव पैशानंही न हलता.